घरात बसलेल्या मित्रास पत्र

मंडळी, आता तुम्हाला पत्र लिहिता येऊ लागले आहे. खुशालीचे पत्र तुम्ही लिहिता. पैसे पोचल्याचे पत्र लिहिता. या धड्यात आपण एक निराळे पत्र पाहणार आहोत. एखादा मित्र भीतीपोटी घरात बसून राहिला, कुणाला भेटेनासा झाला, तर त्याला पत्र कसे लिहावे, हे आज शिकायचे आहे.

तुम्ही म्हणाल, मित्र तर गावातच आहे, मग पत्र कशाला? जाऊन भेटावे, नाही तर मोबाइलवर बोलावे. पण अशा माणसाला समोरासमोर बोलणेच जड जाते. दारात कोणी आले की त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. मोबाइल वाजला की तो उचलावा लागतो. पत्राचे तसे नाही. ते उशाखाली ठेवता येते. रात्री उठून वाचता येते. पुन्हा पुन्हा वाचता येते. आणि वाचताना आपला चेहरा कोणी पाहत नसते.

आता माणूस असा घरात का बसतो, ते आधी समजून घेऊ. त्यासाठी आपण दोन मित्र कल्पू. एक बाबू, दुसरा सदाशिव.

बाबूला काय झाले

बाबू चाळिशीचा. शेती करतो. भजनात पखवाज वाजवतो. रात्रीच्या वर्गाला येतो. पाऊस उशिरा झाला, सोसायटीचे कर्ज थकले, तशी त्याची झोप उडाली. अशात एका मंगळवारी तो सदाशिवबरोबर तालुक्याच्या बाजाराला गेला. बाजारात दाट गर्दी होती. भाजीच्या ओळीत उभा असताना एकाएकी बाबूची छाती धडधडू लागली. घाम फुटला. हातपाय गार पडले. बोटांना मुंग्या आल्या. दम कोंडला. आता आपण इथेच मरणार, असे त्याला वाटले.

सदाशिवने त्याला हाताला धरून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली. रक्तदाब पाहिला. रक्त तपासायला घेतले. तोवर बाबू बराचसा सावरला होता. डॉक्टर म्हणाले, "हृदयाला काही झालेलं नाही. हा भीतीचा झटका होता."

भीतीचा झटका म्हणजे काय? वाटेत साप दिसला, तर आपल्याला काय होते ते आठवा. काळीज धडधडते. श्वास भराभर चालतो. अंगाला घाम येतो. शरीर पळायची तयारी करते. काळीज पायांकडे जास्त रक्त ढकलते. साप खरा असला तर ही तयारी आपल्या उपयोगी पडते. भीतीच्या झटक्यात साप नसतो, पण शरीर तीच तयारी करते. पळणे तर होत नाही, नुसता श्वास मात्र भराभर चालतो. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की डोके हलके होते आणि बोटांना मुंग्या येतात. मग माणूस आणखीच घाबरतो.

असा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो. पुढे हळूहळू उतरतो. त्याने जीव जात नाही. पण ज्याला तो येतो, त्याला त्या वेळी मरण समोर दिसते. ते सोंग नव्हे. ती करणी नव्हे, की बाहेरची बाधा नव्हे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. छातीत पहिल्यांदा दुखले किंवा दम कोंडला, तर ती भीतीच असेल असे आपण घरी ठरवू नये. हृदयविकारातही असेच होऊ शकते. अंगात रक्त कमी असले किंवा गळ्यातील थायरॉइड ग्रंथी बिघडली, तरी धडधड होते. म्हणून सदाशिवने बाबूला आधी दवाखान्यात नेले, ते योग्यच केले.

भीती वाढली कशी

पुढच्या मंगळवारी बाबू बाजाराला निघाला. वेशीपर्यंत गेला आणि छातीत पुन्हा धडधड सुरू झाली. तो माघारी फिरला. घरात पाऊल टाकताच त्याला हायसे वाटले. "नाही गेलो ते बरं झालं," असे तो मनाशी म्हणाला.

मंडळी, या हायसे वाटण्यातच खरी मेख आहे. बाबूच्या मनाने त्यातून एक धडा घेतला. बाजार टाळला म्हणून मी वाचलो, असा तो धडा. वास्तविक बाजारात गेला असता तर थोडा वेळ धडधड झाली असती आणि उतरली असती. पण ते बघायची संधीच त्याने मनाला दिली नाही. मग जिथे गर्दी, तिथे धोका, असे मन म्हणू लागले. बाबूने एसटी सोडली. मग भजन सोडले. वर्गात उभे राहून वाचावे लागते, म्हणून वर्गही सोडला. दोन महिन्यांत तो उंबऱ्याच्या आत आला.

गावातल्या माणसांनी काय केले? काही जण म्हणाले, "ऊठ, असा बायकांसारखा काय बसतोस?" त्यांनी त्याला दंडाला धरून देवळात नेले. तिथे त्याला पुन्हा झटका आला, आणि देऊळही भीतीच्या यादीत गेले. दुसरे काही म्हणाले, "त्याला एकटं राहायचंय, राहू द्या." त्यांनी त्या वाटेने जाणेच सोडले. तिसरे घरचे लोक. त्यांनी मायेपोटी त्याची बाहेरची सगळी कामे आपल्या अंगावर घेतली. त्यामुळे बाबूला बाहेर पडायचे कारणच उरले नाही.

ओढून नेले तर भीती वाढते. सोडून दिले तर माणूस एकटा पडतो. सगळे करून दिले तर टाळणे पक्के होते. मग मित्राने करावे काय? सदाशिवने पत्र लिहिले, आणि मुलाच्या हाती घडी करून पाठवले. ते पत्र असे होते.

सदाशिवचे पत्र

प्रिय बाबू,

रामराम. या पत्राला उत्तर पाहिजेच असं नाही. तू उत्तर दिलं नाहीस तर मला राग यायचा नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

त्या दिवशी बाजारात मी तुझ्याबरोबर होतो. तुझे हात बर्फासारखे गार झालेले मी माझ्या हातात धरले होते. ते सोंग नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. आतून तुला कसं वाटलं ते मात्र मला कळणार नाही. तुला कधी सांगावंसं वाटलं तर मी ऐकीन. नाही वाटलं तर मी विचारायचा नाही.

भजन चालू आहे. पखवाज सध्या महादूचा पोरगा वाजवतो. बरा वाजवतो. तू येशील तेव्हा तुझी जागा तुझीच आहे. कोणी तुझी चौकशी केली तर "तो त्याच्या सवडीनं येईल" एवढंच मी म्हणतो. जास्त बोलत नाही.

दर रविवारी सकाळी मी शेळ्यांसाठी पाला आणायला ओढ्याकडं जातो. वाट तुझ्या दारावरूनच जाते. येत्या रविवारी सात वाजता मी तुझ्या ओट्यावर दहा मिनिटं टेकीन. हाक मारणार नाही. तू बाहेर आलास तर दोघं बसू. बोललंच पाहिजे असं नाही. नाही आलास तर मी माझा उठून ओढ्याकडं जाईन. मी बसायलाच नको असं वाटलं, तर ओट्यावर एक घमेलं उपडं घालून ठेव. मी समजून पुढं जाईन. पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सदाशिव

पत्रात काय आहे, काय नाही

आता हे पत्र आपण ओळ ओळ उलगडून पाहू.

सदाशिवने सुरुवातीलाच उत्तराचे ओझे काढून घेतले. भ्यालेल्या माणसाला पत्र आले की त्याच्या मनात पहिला विचार येतो, "आता याला काय सांगू?" त्या विचाराने तो पत्र बाजूला ठेवून देतो. उत्तर नको असे पहिल्याच ओळीत दिसले, की पुढचे वाचून होते.

मग त्याने आपण जे पाहिले ते लिहिले. गार हात त्याने पाहिले होते. "तुला काही झालेलं नाही" असे त्याने लिहिले नाही. डॉक्टर 'हृदय ठीक आहे' म्हणतात, ते खरे असते. पण घरचे लोक त्याचा अर्थ 'याला काहीच झाले नाही' असा घेतात, आणि तिथे माणूस दुखावतो. तसेच "मला सगळं कळतं" असेही सदाशिवने लिहिले नाही. जेवढे कळते तेवढेच तो बोलला.

भजनाची ओळ पुन्हा वाचा. सदाशिवला लिहिता आले असते, "तुझ्यावाचून भजन बंद पडलंय." ते प्रेमाचे वाटले असते. पण बाबूच्या डोक्यावर आणखी एक ओझे चढले असते. माझ्यामुळे सगळ्यांचे अडले, असे त्याला वाटले असते. नुसते "भजन झकास चाललंय" असे लिहिले असते, तर आपली कोणाला गरज नाही असे त्याला वाटले असते. सदाशिवने दोन्ही सांभाळले. काम चालू आहे, आणि जागा राखलेली आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. "कधी काही लागलं तर सांग," असे आपण सगळेच म्हणतो. पण घाबरलेला माणूस कधीच सांगत नाही. काय मागावे, केव्हा मागावे, हे सगळे त्यालाच ठरवावे लागते ना! सदाशिवने दिवस सांगितला, वेळ सांगितली, जागा सांगितली, आणि किती वेळ बसणार तेही सांगितले. दहा मिनिटे म्हणजे दहाच मिनिटे. पुढे काय होणार हे ठाऊक असले की धास्ती कमी होते. शिवाय सदाशिव मुद्दाम बाबूसाठी येत नव्हता. तो पाला आणायला जातच होता. म्हणून उपकाराचा भार नाही.

आणि घमेले. 'नको' हे तोंडाने म्हणणे फार जड असते. उपडे घमेले घालणे सोपे. ज्या बोलावण्याला सहज नाही म्हणता येते, त्यालाच माणूस पुढेमागे हो म्हणतो.

रविवारी काय घडले

पहिल्या रविवारी घमेले नव्हते, पण दारही उघडले नाही. सदाशिव दहा मिनिटे बसला, उठला, गेला. त्या आठवड्यात त्याने दुसरे पत्र पाठवले. ते चारच ओळींचे होते.

"बाबू, रामराम. रविवारी ओट्यावर बसलो. ऊन कोवळं होतं. आमची तांबडी शेळी व्याली, दोन करडं झाली. येत्या रविवारी सातला आहेच. सदाशिव."

"वाट पाहिली, पण तू आला नाहीस" असे यात कुठेच नाही. पहिल्या पत्रात राग येणार नाही असे लिहायचे आणि दुसऱ्या पत्रात कुरकुर करायची, तर पहिले पत्र खोटे ठरते.

दुसऱ्या रविवारी ओट्यावर घमेले उपडे होते. सदाशिव न थांबता पुढे गेला. खरे म्हणजे याच दिवशी बाबूचा विश्वास बसला. आपण नको म्हटले आणि ते मानले गेले, हे त्याने खिडकीतून पाहिले. चौथ्या रविवारी तो बाहेर येऊन बसला. करडांविषयी दोन शब्द बोलला. सातव्या रविवारी तो आपण होऊन म्हणाला, "वडापर्यंत येतो."

वडाच्या अलीकडेच बाबूची छाती धडधडू लागली. इथे सदाशिवने काय केले ते नीट पाहा. त्याने बाबूला पुढे ओढले नाही. "चल, लगेच घरी जाऊ," असेही म्हटले नाही. तो म्हणाला, "थांबू या. मी इथंच आहे. घाई नाही." दोघे बांधावर बसले. सदाशिव स्वतः सावकाश श्वास घेऊ लागला आणि त्याहून सावकाश सोडू लागला. हळूहळू बाबूचाही श्वास तसा चालू लागला. दहाएक मिनिटांनी धडधड उतरली. मग सदाशिवने विचारले, "पुढं जायचं, का मागं?" बाबू म्हणाला, "मागं." दोघे मागे फिरले.

तुम्हाला वाटेल, हा तर पराभव झाला. तसे नाही. भीती शिगेला असताना पळून घरी जाणे निराळे आणि भीती उतरल्यावर चालत घरी जाणे निराळे. बाबूच्या मनाने त्या दिवशी नवा धडा घेतला. धडधड आली, मी पळालो नाही, आणि ती आपोआप गेली. पुढच्या रविवारी दोघे त्याच वडापर्यंत गेले. वडाची भीती मोडल्यावर ओढा. ओढ्यानंतर किराण्याचे दुकान, गिऱ्हाईक नसेल त्या वेळी. बाजार सगळ्यांत शेवटी. प्रत्येक पायरी बाबूने ठरवली. सदाशिव फक्त बरोबर चालला. काही पायऱ्यांवर बाबू आधी दोन रविवार अडला. एकदा शेतीच्या तगाद्याने पुन्हा घरात बसला. तेव्हा घमेल्याचा रिवाज परत सुरू झाला.

काही न मागणारी पत्रे

अशा पत्रांचा खरोखर उपयोग होतो का? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरी जेरोम मोटो नावाचे मनाच्या आजारांचे डॉक्टर होते. त्यांनी आठशेहून अधिक रोग्यांवर हे पारखून पाहिले. हे लोक जीव नकोसा होऊन किंवा मनाच्या खोल उदासीपायी रुग्णालयात राहून आले होते, आणि पुढे उपचाराला यायला तयार नव्हते. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांना मोटो यांच्या मंडळींनी पाच वर्षे छोटी पत्रे पाठवली. आरंभी महिन्यातून एक, पुढे अंतर वाढवत. पत्रात काहीच मागणे नसे. बाकीच्यांना पत्र गेले नाही. निष्कर्ष २००१ साली छापून आले. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या लोकांत आत्महत्या कमी झाल्या होत्या. त्या लोकांचे दुखणे बाबूच्या दुखण्याहून निराळे होते, हे खरे. पण न मागता, न थकता येणारे पत्र माणसाला धरून ठेवते, एवढे त्यातून दिसते.

मित्राने कुठे थांबावे

पत्र हे औषध नव्हे. महिना दोन महिने होऊनही माणूस घराबाहेर पडत नसेल, झोप आणि जेवण सुटले असेल, किंवा धडधड दाबायला दारू घेऊ लागला असेल, तर उपचार हवेत. दारूने त्या रात्री बरे वाटते, पण दुसऱ्या दिवशी धडधड वाढते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर पाहतात. या आजारावर बोलून करायचे उपचार आहेत आणि गोळ्याही आहेत. रोज घ्यायच्या गोळ्यांचा गुण यायला बहुधा काही आठवडे लागतात. मध्येच आपल्या मनाने त्या बंद करू नयेत. सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. तिथे दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही बोलता येते.

आणि मित्र "जगून काय करू" असे बोलला किंवा त्याने तसे लिहिले, तर मग पत्र लिहीत बसू नये, रविवारची वाट पाहू नये आणि घमेलेही मानू नये. तडक त्याच्याकडे जावे, त्याला स्पष्ट विचारावे, एकटे सोडू नये. घरात फवारणीचे औषध असेल तर ते दुसरीकडे हलवावे आणि त्याला दवाखान्यात न्यावे. विचारल्याने तसा विचार डोक्यात भरत नाही. उलट, मन मोकळे करायला वाट मिळते.

विचार करा व लिहा

१. बाजार टाळल्यावर बाबूला हायसे वाटले. त्यामुळे त्याची भीती कमी का झाली नाही?

२. "तुझ्यावाचून भजन बंद पडलंय" असे सदाशिवने का लिहिले नाही?

३. उपडे घमेले कोणत्या दिवशी मानावे आणि कोणत्या दिवशी मानू नये?

४. तुमच्या ओळखीचे कोणी असे घरात बसले असेल, तर त्याला चार ओळींचे पत्र लिहा. पहिल्या ओळीत उत्तर नको असे सांगा. दिवस, वेळ व जागा नक्की लिहा. लिहिलेली वेळ पाळता येईल ना, हे पत्र पाठवण्याआधी पाहा. पाळता येणार नसेल तर लहान वेळ लिहा. दहा मिनिटे जड वाटत असतील तर पाच लिहा, पण त्या पाच मिनिटांना जा.